हजारास एक : कुटुंबाच्या साक्षीचा हिशेब



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते सर आयुष्यभर गणित शिकवत होते. उत्तराखाली रेघ मारण्याआधी ते उत्तर नेमकं कशाचं आहे, हे एका वाक्यात लिहायला ते मुलांना लावत. मी पुढे मानवी आनुवंशिकीत गेलो, आणि ज्या एका आकड्याशी माझा सगळ्यात जास्त संबंध आला त्याला ही सवय फार उपयोगी पडली. त्या आकड्याचं नाव लॉड स्कोअर. तो तीनच्या वर गेला की रोगाचं ठिकाण सापडलं असं म्हणतात. तीनच्या वर गेला म्हणजे नक्की काय झालं, एवढंच मला आज सांगायचं आहे.

सुरुवात व्हेनेझुएलातल्या माराकायबो तळ्यापासून करतो. त्या तळ्याकाठच्या कोळ्यांच्या वस्त्यांमध्ये हंटिंग्टन नावाचा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. माणूस तिशी-चाळिशीपर्यंत अगदी धडधाकट असतो. मग हातापायांच्या हालचाली ताब्यात राहत नाहीत, चालणं झोकांड्या खाल्ल्यासारखं होतं, स्वभाव बदलतो, बुद्धी मंदावते, आणि पंधरा-वीस वर्षांत सगळं संपतं. आईला किंवा बापाला हा आजार असेल तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी असते. आमेरिको नेग्रेते या तिथल्या डॉक्टरांनी १९५०च्या दशकात या लोकांची नोंद केली. नॅन्सी वेक्सलर या अमेरिकन संशोधक १९७९मध्ये तिथे पहिल्यांदा गेल्या आणि १९८१पासून दरवर्षी पथक घेऊन जाऊ लागल्या. त्यांच्या स्वतःच्या आईचा मृत्यू याच आजाराने झाला होता. घरोघर फिरून, कोण कुणाचं हे विचारून, त्यांनी वंशावळ उभी केली. पुढे तिच्यात अठरा हजारांहून जास्त माणसांची नोंद झाली. लोकांनी दिलेलं रक्त विमानाने बॉस्टनला जायचं, आणि तिथे जेम्स गुसेला त्यातला डीएनए तपासायचे.

तपासायचे म्हणजे काय करायचे? रोगाचं जनुक कुठे आहे, कसं दिसतं, काय काम करतं, यातलं काहीच तेव्हा माहीत नव्हतं. जे माहीत नाही ते शोधायचं तर ज्याचा पत्ता लागू शकतो अशा एखाद्या खुणेचा आधार घ्यावा लागतो. इथे पत्त्यांच्या कॅटाचं उदाहरण देतो.

आपल्याकडे प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. अंडपेशी किंवा शुक्रपेशी तयार होताना या दोन प्रती शेजारी शेजारी येतात आणि आपापल्या काही तुकड्यांची अदलाबदल करतात. दोन कॅट बरोबर त्याच जागी कापावेत आणि खालचे भाग एकमेकांशी बदलावेत, तसं. कापण्याच्या जागा थोड्याच असतात. म्हणून कॅटात एकमेकांना चिकटून असलेली दोन पानं जवळपास नेहमी एकत्रच पुढे जातात, आणि लांब असलेल्या पानांची ताटातूट वारंवार होते. फारच लांब असली, किंवा वेगळ्याच गुणसूत्रावर असली, तर ती एकत्र जातात ती निव्वळ योगायोगाने, म्हणजे निम्म्या वेळा. ताटातुटीच्या या प्रमाणाला आम्ही पुनर्संयोजनाचं प्रमाण म्हणतो आणि थीटा या ग्रीक अक्षराने दाखवतो. थीटा शून्य म्हणजे कधीच ताटातूट नाही. थीटा ०.५ म्हणजे एकमेकांशी काही संबंध नाही. शंभरात एकदा ताटातूट होत असेल तर त्या अंतराला एक सेंटिमॉर्गन म्हणतात, आणि माणसात ते ढोबळमानाने दहा लाख अक्षरांइतकं भरतं.

एक पान म्हणजे आपल्याला न दिसणारं रोगाचं जनुक. दुसरं पान म्हणजे प्रयोगशाळेत वाचता येणारी एखादी निरुपद्रवी खूण, डीएनएमध्ये माणसागणिक वेगवेगळी असणारी. खूण आणि रोग कुटुंबात हातात हात घालून उतरत असतील, तर रोगाचं जनुक त्या खुणेच्या शेजारी आहे. याला सहलग्नता म्हणतात. कल्पना एवढीच आहे. अडचण ही की योगायोगानेही काही पिढ्या दोन गोष्टी एकत्र चालू शकतात. योगायोग आणि शेजार यांत निवाडा कसा करायचा? त्यासाठी लॉड स्कोअर.

आता एक कुटुंब घेऊ. हे मी समजावण्यासाठी रचलेलं आहे, त्यामुळे आकडे सरळ येतील. वडिलांना रोग आहे. त्यांच्याजवळ खुणेचे दोन प्रकार आहेत, क आणि ख. आजोबांनाही रोग होता आणि त्यांच्याकडूनच वडिलांना क मिळाला, म्हणजे रोग आणि क एकाच प्रतीवर आहेत हे आपल्याला आधीच ठाऊक आहे. आई निरोगी आहे, आणि तिच्याकडे क किंवा ख यांपैकी काहीच नाही, म्हणून मुलाला वडिलांकडून काय आलं ते स्पष्ट वाचता येतं. मुलं दहा, आणि रोग ज्या वयात दिसतो ते वय सगळ्यांनी ओलांडलेलं आहे. रक्त तपासलं. रोग असलेल्या प्रत्येकात क, निरोगी प्रत्येकात ख. दहापैकी दहा जुळले.

आता दोन पक्ष मांडू. पहिला पक्ष म्हणतो, खुणेचा आणि रोगाचा काहीही संबंध नाही. मग प्रत्येक मुलाचं जुळणं हा नाणेफेकीसारखा योगायोग, त्याची शक्यता अर्धी. दहा वेळा सलग जुळायचं तर अर्ध्याला अर्ध्याने गुणत जायचं, आणि उत्तर येतं १०२४ला एक. दुसरा पक्ष म्हणतो, खूण अगदी शेजारी आहे, ताटातूट होतच नाही. मग दहाही जुळणं हे ठरलेलंच, शक्यता एक. समोर जे दिसलं ते दुसऱ्या पक्षाच्या म्हणण्याने पहिल्याच्या १०२४ पट चांगलं समजतं. या १०२४चा दहाच्या पायावरचा लॉगॅरिदम काढला की ३.०१ येतो. हाच लॉड स्कोअर. शब्द 'लॉग' आणि 'ऑड्स' यांच्या जोडणीतून आला. तीन म्हणजे हजारास एक, दोन म्हणजे शंभरास एक, उणे दोन म्हणजे पारडं शंभर पटीने उलट्या बाजूला.

आता दहापैकी एक मूल जुळलं नाही असं समजा. एकाला रोग आहे पण खूण ख आहे. मग थीटा शून्य असूच शकत नाही, कारण एक ताटातूट डोळ्यांसमोर झाली आहे. थीटाच्या वेगवेगळ्या किमती घालून पाहायच्या आणि सगळ्यात मोठा लॉड कुठे येतो ते शोधायचं. सूत्र असं:

```
Z(θ) = log10( 2^10 × θ × (1-θ)^9 )
```

थीटा ०.०१ धरला तर ०.९७ येतो, ०.०५ला १.५१, ०.१ला १.६०, ०.२ला पुन्हा खाली उतरून १.४४. म्हणजे शिखर ०.१वर आहे, दहात एक ताटातूट, आणि ते शिखर फक्त १.६० उंच आहे. नऊ मुलं जुळली, एक चुकलं, तर साक्ष हजारावरून चाळिसावर आली. ही घसरण लक्षात ठेवा. एका माणसात केवढी ताकद असते ते यावरून कळतं, आणि पुढे आपल्याला याची गरज पडणार आहे.

आजोबांचं रक्त मिळालं नसतं तर? मग रोग क बरोबर आला की ख बरोबर, हे आधी माहीत नसतं. दोन्ही शक्यता निम्म्या-निम्म्या धराव्या लागतात, आणि दहापैकी दहा जुळूनही लॉड २.७१वरच थांबतो. एका म्हाताऱ्या माणसाच्या रक्ताची किंमत ही अशी आकड्यात मोजता येते. सहलग्नतेचं काम करणारे लोक तीन पिढ्यांची कुटुंबं का शोधत फिरतात, त्याचं हेच कारण.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. तीनच का? आकडेशास्त्र शिकलेल्या श्रोत्यांना विसास एक ही मर्यादा ओळखीची असेल. इथे हजारास एक का मागतात? याला कंजूषपणा म्हणता येणार नाही. माणसाच्या तेवीस जोड गुणसूत्रांवर कुठल्याही दोन जागा यदृच्छेने उचला, त्या एकमेकींच्या शेजारी निघण्याची शक्यता मुळातच फार कमी असते. ढोबळमानाने पन्नासास एक धरा. म्हणजे रक्त तपासायच्या आधीच 'संबंध नाही' हा पक्ष पन्नास पट भारी आहे. आता कुटुंबाने हजार पट साक्ष दिली. पन्नासाला हजाराने तोललं की उरतात वीस. विसास एक, सहलग्नतेच्या बाजूने. म्हणजे लॉड तीन आल्यावरही आपण चुकीच्या जागी असण्याची शक्यता साधारण एकवीसात एक राहतेच. वर्तमानपत्रात 'जनुक याच जागी असण्याची शक्यता हजारास एक' असं छापून येतं, ते बरोबर नाही. हजार पट ही साक्षीची ताकद आहे. निकालाची खात्री नव्हे. आमच्या सरांनी लिहायला लावलं असतं ते वाक्य हेच.

ही मर्यादा १९५५मध्ये न्यूटन मॉर्टन यांनी घालून दिली. त्यांच्या आधीही या विचाराला मोठी परंपरा होती. ज्युलिया बेल आणि जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९३७मध्ये रंगांधळेपणा आणि हिमोफिलिया ही दोन लक्षणं एक्स गुणसूत्रावर एकमेकांजवळ आहेत हे कुटुंबांच्या नोंदींवरून मोजून दाखवलं, आणि माणसातली सहलग्नता पहिल्यांदा आकड्यात आली. हे हाल्डेन म्हणजे तेच, जे १९५७मध्ये भारतात आले, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत रुजू झाले, नंतर भारताचे नागरिक झाले आणि १९६४मध्ये भुवनेश्वरला वारले. मॉर्टन यांनी जे जोडलं ते व्यवहाराला फार सोयीचं होतं. लॉगॅरिदम घेतल्यामुळे वेगवेगळ्या कुटुंबांचे लॉड नुसते मिळवता येतात. आज एका कुटुंबाचा १.२ आला, पुढच्या वर्षी दुसऱ्याचा ०.९, त्यानंतर तिसऱ्याचा १.१. बेरीज ३.२. बेरीज तीनपर्यंत पोचली की थांबा आणि जाहीर करा. उणे दोनपर्यंत उतरली की तिथेही थांबा, ती जागा सोडून द्या. मध्ये असाल तर आणखी कुटुंबं शोधा. एक्स गुणसूत्रावरच्या रोगांसाठी मात्र दोनवर भागतं, कारण वंशावळ पाहूनच गुणसूत्र कुठलं ते कळलेलं असतं आणि सुरुवातीची प्रतिकूलता तेवढी कमी असते.

आता माराकायबोकडे परत जाऊ. बॉस्टनमध्ये गुसेला यांच्याकडे खुणा अगदी थोड्या होत्या. माणसाच्या सगळ्या गुणसूत्रांवर अशा खुणा पेरून नकाशा करावा ही कल्पनाच बॉटस्टीन, व्हाइट, स्कोलनिक आणि डेव्हिस यांनी १९८०मध्ये मांडली होती. पुरेशा खुणा जमवून रोगापर्यंत पोचायला कितीतरी वर्षं लागतील असा बहुतेकांचा अंदाज होता. पण पहिल्या डझनभरातच जी-८ नावाची एक खूण लागू पडली. आधी अमेरिकेतल्या आयोवाच्या एका कुटुंबात तिचा कल दिसला. त्या कुटुंबाचा लॉड आला १.८१. तेवढ्यावर काहीही जाहीर करता आलं नसतं, आणि केलंही नाही. मग व्हेनेझुएलाच्या कुटुंबांचे आकडे इंडियाना विद्यापीठात मायकल कॉनेली यांच्याकडे हिशेबाला गेले. तिथला लॉड आला ६.७२. दोन्हींची बेरीज ८.५३, थीटा शून्यावर. १९८३च्या नोव्हेंबरमध्ये 'नेचर'मध्ये हे छापून आलं. ८.५३ म्हणजे सुमारे चौतीस कोटी पट साक्ष. इथे पन्नासची सुरुवातीची प्रतिकूलता कुठल्या कुठे वाहून जाते. जी-८ चौथ्या गुणसूत्रावर आहे हेही दाखवून झालं होतं. म्हणजे ज्या रोगाबद्दल काहीच माहीत नव्हतं, त्याचं गुणसूत्र मिळालं.

या शोधनिबंधातला एक तपशील पुष्कळांच्या नजरेतून सुटतो, आणि मला तो सगळ्यात शिकवणारा वाटतो. जी-८चे चार प्रकार होते, त्यांना ए, बी, सी आणि डी अशी अक्षरं दिली होती. व्हेनेझुएलाच्या कुटुंबात रोग सी बरोबर उतरत होता. आयोवाच्या कुटुंबात तोच रोग ए बरोबर. तरीही दोघांचे लॉड मिळवले, आणि ते योग्यच होतं. कारण लॉड स्कोअर असं म्हणतच नाही की सी असला की रोग होतो. सी असलेली असंख्य निरोगी माणसं आहेत. तो एवढंच म्हणतो की, एका घरात रोग ज्या प्रतीवर बसलेला आहे, त्या प्रतीवरची खूणही त्याच्याबरोबर उतरते, मग ती कुठलीही असो. खूण ही त्या घरापुरती ओळख आहे. शेजारच्या घरात ती वेगळी असू शकते. म्हणून हे काम कुटुंबांतच होतं. रस्त्यावर भेटलेल्या दोनशे रुग्णांची आणि दोनशे निरोगी माणसांची तुलना करून ते होत नाही.

दुसरा तपशील वयाचा. हंटिंग्टन उशिरा दिसतो. वंशावळीत एक पंचवीस वर्षांची मुलगी निरोगी आहे, पण तिला जनुक मिळालेलं नाही असं म्हणता येत नाही. तिचा रोग अजून दिसायचा असेल. तिला 'निरोगी' म्हणून हिशेबात धरलं आणि तिच्यात सी निघाला, तर खोटीच ताटातूट मोजली जाते, आणि आपण पाहिलं की एका चुकीने हजाराचे चाळीस होतात. म्हणून प्रत्येकाला वयाप्रमाणे वजन देतात. पंचवीस वर्षांच्या निरोगी मुलीची साक्ष जवळपास शून्य, पंचेचाळीस वर्षांच्या भावाची थोडी जास्त, आणि सत्तरीच्या ठणठणीत आत्याची भरभक्कम. हे वजन रोगाच्या वयाच्या जुन्या नोंदींवरून ठरतं. नोंदी कच्च्या असतील तर लॉडही कच्चा.

मग १९८३मध्ये ठिकाण सापडलं, तर जनुक १९९३मध्ये का सापडलं? मधली दहा वर्षं कुठे गेली? याचं उत्तरही आपल्या त्या दहा मुलांच्या कुटुंबातच आहे. दहापैकी दहा जुळले, लॉड ३.०१, थीटाचा उत्तम अंदाज शून्य. पण खरा थीटा ०.२ असता तरी? प्रत्येक मूल जुळण्याची शक्यता ०.८. दहाही जुळण्याची शक्यता ०.८ला दहा वेळा गुणून सुमारे ०.११ येते. नऊ-दहा वेळा असं घडून पाहिलं तर सरासरी एकदा हे होतं. म्हणजे लॉड तीनच्या वर गेला तरी रोगाचं जनुक खुणेपासून वीस सेंटिमॉर्गन लांब असू शकतं. वीस सेंटिमॉर्गन म्हणजे साधारण दोन कोटी अक्षरं, आणि त्यात शेकडो जनुकं. 'शेजारी आहे' एवढंच लॉड सांगतो. शेजारी म्हणजे भिंतीला भिंत की चार गल्ल्या सोडून, हे सांगायला त्याला कितीतरी जास्त मुलं लागतात.

हंटिंग्टनच्या बाबतीत पुढे आणखी कुटुंबं आली तशा ताटातुटी दिसू लागल्या, आणि जी-८ जनुकापासून सुमारे चार सेंटिमॉर्गनवर आहे असं कळलं. हा फरक केवळ पुस्तकी नव्हता. १९८६पासून अमेरिकेत याच सहलग्नतेवर भविष्यसूचक तपासणी सुरू झाली. त्यात त्या माणसाबरोबर त्याच्या आजारी आणि निरोगी नातेवाइकांचंही रक्त लागायचं. कुणी काका रक्त द्यायला तयार नसेल तर तपासणीच व्हायची नाही. आणि 'तुम्हाला हा रोग होणार नाही' हे सांगताना, या खुणेच्या आणि जनुकाच्या मध्ये ताटातूट झाली असण्याची शंभरात सुमारे चारची शक्यता मनात ठेवावी लागायची. थीटा इथे एका माणसाच्या आयुष्याशी बांधलेला होता.

पुढच्या शोधात ताटातुटी झालेली मोजकी माणसंच वाटाड्या ठरतात. ज्याच्यात रोग आहे आणि कापणी एका विशिष्ट जागी झाली आहे, तो सांगतो की जनुक या बाजूला आहे. पण हंटिंग्टनच्या बाबतीत हे वाटाडे एकमेकांच्या विरुद्ध दिशा दाखवू लागले. काही जण गुणसूत्राच्या अगदी टोकाकडे बोट दाखवत होते, काही जण आतल्या भागाकडे. टोकाच्या शोधात बराच काळ गेला. अखेर आतल्या भागात, सहा गटांच्या एकत्रित पथकाने, जनुक पकडलं. त्यात सीएजी ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. साधारण माणसात पस्तिसापेक्षा जास्त वेळा येत नाहीत. चाळीस किंवा जास्त वेळा आली की रोग होतोच. आता नातेवाइकांच्या रक्ताची गरज राहिली नाही. ही अक्षरं थेट मोजता येतात.

ही यशाची गोष्ट झाली. दुसरी गोष्ट सांगितल्याशिवाय पहिलीचा अर्थ पुरा होत नाही.

१९८७च्या फेब्रुवारीत 'नेचर'मध्येच आणखी एक निबंध आला. पेनसिल्वेनियातल्या आमिश समाजातल्या एका मोठ्या कुटुंबात उन्माद आणि औदासीन्य आळीपाळीने येणाऱ्या मानसिक आजाराचं ठिकाण अकराव्या गुणसूत्राच्या एका टोकाशी सापडल्याचं त्यात म्हटलं होतं. लॉड चारच्या वर होता. हिशेब बरोबर होता, काम करणारे लोक जाणते होते, कुटुंब शिस्तीचं, दारू-अमली पदार्थांपासून लांब, त्यामुळे निदानात गोंधळ कमी. जगभर बातमी झाली. त्याच अंकात मात्र दुसऱ्या दोन गटांनी आपापल्या कुटुंबांत त्या ठिकाणी काहीच सापडत नाही असं लिहिलं होतं.

पावणेतीन वर्षांनी, १९८९च्या नोव्हेंबरमध्ये, त्याच कुटुंबाचा पुन्हा हिशेब छापला गेला. दरम्यान मूळ वंशावळीतल्या दोन निरोगी माणसांना आजार झाला होता, आणि त्यांची खूण 'आजारी' बाजूची नव्हती. शिवाय कुटुंबाची एक शाखा नव्याने जोडली होती, तिच्यात खुणेचा आणि रोगाचा मेळ बसत नव्हता. एवढ्याने चारच्या वरचा लॉड कोसळला आणि ते ठिकाण सोडून द्यावं लागलं.

इथे कुणी खोटं बोललं नव्हतं. मग काय चुकलं? लॉड स्कोअर हा एक अट घालून दिलेला निकाल असतो. अट अशी की वंशावळ खरी आहे, निदान खरं आहे, रोग एकाच जनुकाने आणि आपण धरलेल्या पद्धतीनेच उतरतो, आणि जनुक मिळालेल्यांपैकी अमुक टक्क्यांनाच तो दिसतो. हंटिंग्टनमध्ये या अटी जवळपास पूर्ण होत्या. मानसिक आजारात त्यांतली प्रत्येक डळमळीत असते. आजारी कुणाला म्हणायचं, सौम्य औदासीन्य धरायचं की नाही, हे आधी ठरवावं लागतं. तीन-चार वेगवेगळ्या व्याख्यांनी हिशेब करून सगळ्यात मोठा लॉड उचलला, तर तो तीन उरत नाही. तुम्ही नाणेफेकीच्या तीन-चार संधी घेतलेल्या असतात. पुढे खुणा शेकड्यांनी आल्या आणि सबंध जनुकसंचभर शोध होऊ लागला. तेव्हा लँडर आणि क्रुग्ल्याक यांनी १९९५मध्ये अशा शोधासाठी मर्यादा ३.३ असावी असं मांडलं. फरक लहान दिसतो, पण त्याचा अर्थ दुप्पट साक्ष. आणि त्या मर्यादेनंतरही दुसऱ्या कुटुंबात तेच ठिकाण पुन्हा दिसलं पाहिजे, हा नियम मला आकड्यापेक्षाही महत्त्वाचा वाटतो.

उलटी चूकही होते. खरं ठिकाण हातातून निसटतं. मी नवखा असताना आमच्या हाती एक कुटुंब आलं, जन्मजात मोतीबिंदूचं. एका खुणेपाशी दहा उपयोगी साक्षी होत्या. आठ जुळत होत्या, दोन जुळत नव्हत्या. लॉडचं शिखर ०.८४वर. ती खूण आम्ही जवळजवळ बाजूला टाकली. मग एक गोष्ट खटकली. न जुळणारे दोघंही सख्खे भाऊ-बहीण होते, भावाला मोतीबिंदू, बहिणीला नाही, आणि दोघांचा डीएनए त्या भागातल्या प्रत्येक खुणेवर बरोबर उलटा होता. एवढ्या सगळ्या खुणा एकदम उलटणं ताटातुटीने होत नाही. दोघांच्या नळ्यांत वाय गुणसूत्र शोधलं. ते बहिणीच्या नळीत निघालं. रक्त काढल्यावर चिठ्ठ्यांची माझ्या हातून अदलाबदल झाली होती. मी पुन्हा त्या घरी गेलो, दोघांची माफी मागितली, रक्त पुन्हा घेतलं. लॉड ३.०१ झाला. तेव्हापासून कुठलंही कुटुंब हिशेबाला घेण्याआधी मी प्रत्येक नळीचं लिंग आणि आईबापांशी मेळ तपासतो. हा मेळ तपासताना कधी कधी असंही कळतं की कागदावरचा बाप जैविक बाप नाही. ते कुणालाही सांगायचं नसतं. ती साक्ष मुकाट्याने हिशेबातून काढायची असते.

म्हणून कुणी माझ्यासमोर लॉड तीन ठेवला, तर मी काय विचारतो ते सांगतो. किती साक्षींचा हा आकडा आहे? त्यातली एक-दोन माणसं निरोगीची आजारी झाली तर किती उरतो? निदान खूण माहीत होण्याआधी झालं होतं का? किती व्याख्या, किती खुणा तपासून हा आकडा मिळाला? दुसऱ्या कुटुंबात तो दिसला का? या प्रश्नांना नीट उत्तरं असतील, तर तीन पुष्कळ आहे. आणि त्यानंतरही ते एका भागाचं नाव आहे, जनुकाचं नाही.

नॅन्सी वेक्सलर यांनी स्वतःची तपासणी केली की नाही हे कित्येक वर्षं जाहीरपणे सांगितलं नाही. २०२०मध्ये त्यांनी सांगितलं की त्यांनाही हंटिंग्टन झाला आहे.

या सभागृहात वैद्यकीय विद्यार्थी बरेच दिसतात. त्यांना एकच विनंती. पुढे कधी घराण्यातून उतरणाऱ्या आजाराचं कुटुंब तुमच्यासमोर आलं, तर फक्त आजारी माणसांची नावं लिहून थांबू नका. वंशावळ तीन पिढ्यांची काढा, प्रत्येकाच्या नावापुढे आजचं वय लिहा, आणि ज्यांना काहीच झालेलं नाही त्या सत्तरीच्या आत्यालाही, तिची संमती घेऊन, रक्त देण्याची विनंती करा. तिची साक्ष पंचवीस वर्षांच्या दहा निरोगी नातवंडांपेक्षा मोठी आहे, आणि ती फार काळ मिळणार नाही.